एकच चार्ट: छापील पान, स्लाइड आणि मोबाइल

एकाच आकडेवारीचा चार्ट छापील पानावर, सभागृहातल्या पडद्यावर आणि मोबाइलवर, तिन्हीकडे नीट वाचता यावा म्हणून तो प्रत्येक ठिकाणी नव्याने मांडायचा, असं हे काम आहे. लोक बहुतेकदा एक चित्र बनवतात आणि तेच लहानमोठं करून सगळीकडे चिकटवतात आणि घोळ तिथेच होतो, कारण चित्र लहान केलं की त्यातली अक्षरंपण तेवढीच लहान होतात, वाचणाऱ्याचे डोळे मात्र तेच असतात.

उदाहरण म्हणून 2011 च्या जनगणनेतली महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची लोकसंख्या घेऊ. तेव्हा जिल्हे 35 होते (पालघर 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे चार्टवर वर्ष लिहायलाच हवं, नाहीतर पालघर कुठे गेला असं कोणीतरी विचारणारच). सगळ्यात वर ठाणे, सुमारे 110.6 लाख, आणि तळाला सिंधुदुर्ग, 8.5 लाख. 35 आडव्या पट्ट्या, मोठ्याकडून लहानाकडे.

छापील पान या चार्टला सगळ्यात सोयीचं. वाचक पान हातात धरतो, वेळ घेतो, आपला जिल्हा शोधतो, म्हणून इथे 35 च्या 35 द्यायचे. दोन कॉलमच्या ए-फोर पानात एक कॉलम साधारण 85 मिमी रुंद असतो, त्यात नावाला 22 आणि आकड्याला 13 मिमी दिले की पट्टीला 50 उरतात. एका ओळीला साडेचार मिमी धरले तर पूर्ण चार्ट 158 मिमीच्या आसपास उंच होतो आणि पानात आरामात बसतो. अक्षर 8 पॉइंटच्या खाली नेऊ नये असं माझं मत, कारण मराठीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, इंग्रजी जिथे अजून वाचता येतं तिथे आपली जोडाक्षरं आधीच गिचमिड होतात. फाइल व्हेक्टर पीडीएफ द्यायची, स्क्रीनशॉट अजिबात नाही. छपाई काळीपांढरी असेल तर आधी ग्रेस्केलमध्ये प्रिंट काढून बघायची, लाल आणि हिरवा तिथे बऱ्याचदा सारखेच राखाडी दिसतात.

आता हेच स्लाइडवर. नेहमीची रुंद स्लाइड साडेसात इंच उंच असते, मथळा आणि समास सोडून साडेपाच इंच उरतात, म्हणजे 35 ओळींना प्रत्येकी 11 पॉइंट. त्यात अक्षर 8 पॉइंटचं बसणार आणि मागच्या रांगेतल्या माणसाला ते दिसणारच नाही, त्याला निदान 20 तरी हवं. म्हणून इथे काटछाट करावीच लागते. पहिले पाच (ठाणे, पुणे, मुंबई उपनगर, नाशिक, नागपूर) आणि शेवटचा सिंधुदुर्ग, अशा सहाच पट्ट्या ठेवायच्या, आणि ‘मधले 29 जिल्हे दाखवलेले नाहीत’ हे सिंधुदुर्गाच्या वर स्पष्ट लिहायचं. उरलेल्या सगळ्यांची ‘इतर’ अशी एक पट्टी करायचा मोह होतो पण ती 7 कोटींच्या वर जाते आणि ठाणेसुद्धा तिच्यापुढे बुटका दिसतो. मथळ्यात ‘जिल्हानिहाय लोकसंख्या’ असं नुसतं नाव न लिहिता ‘पाच जिल्ह्यांत राज्याची 36 टक्के लोकसंख्या’ असं थेट लिहावं, कारण स्लाइड अर्ध्या मिनिटात जाते. तपासायला सोपा उपाय म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन 30 सेंमी रुंद असेल तर तिच्या सहापट, म्हणजे 1.8 मीटर मागे जाऊन वाचून बघायचं.

मोबाइलवर सगळ्यात जास्त चुका होतात. 900 पिक्सेल रुंदीचा आणि 14 पिक्सेल अक्षरांचा चार्ट 360 पिक्सेलच्या स्क्रीनवर आपोआप आकसला की हिशोब असा होतो:

```
14 × 360 / 900 = 5.6
```

साडेपाच पिक्सेलमध्ये ‘सिंधुदुर्ग’ म्हणजे नुसता काळा डाग. त्यामुळे चार्ट मुळातच 360 रुंदीसाठी काढायचा. नाव डावीकडे ठेवलं तर पट्टीला जागा उरत नाही, म्हणून नाव पट्टीच्या वर डावीकडे, आकडा त्याच ओळीत उजवीकडे आणि खाली पट्टी पूर्ण रुंदीत. दोन्ही बाजूंना 16 सोडले तर ठाण्याची पट्टी 328 पिक्सेल आणि सिंधुदुर्गाची 25, म्हणजे लहान असली तरी दिसते. उंचीची मात्र इथे काळजी नाही, लोक बोटाने सरकवतातच, एका जिल्ह्याला 36 पिक्सेल धरले तर सगळे मिळून 1260 होतात, दोनेक स्क्रीनभर. पण सरकवताना वरचा अक्ष निघून जातो म्हणून प्रत्येक पट्टीला आकडा हवाच, आणि माउस नेल्यावर दिसणारी माहिती इथे कामाची नाही कारण मोबाइलला माउसच नसतो.

तिन्हीकडे तीन गोष्टी मात्र हलवायच्या नाहीत: पट्टी शून्यापासून सुरू, क्रम तोच, आणि आकडे एकाच तक्त्यातून. स्लाइडसाठी आकडे हाताने परत टाइप केले की कुठेतरी 61.1 चं 66.1 होतं, आणि मग नाशिक छापील पानावर एक आणि पडद्यावर दुसरंच.