‘खंडणी’वर अडणारा उपदेश

नाशिकच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये इंग्रजीत लिहून आलेला उपदेश रविवारसाठी मराठीत उतरवण्याचे काम जुनेच आहे. पूर्वी ते पाळकांच्या घरी कंदिलाखाली चाले, आता शनिवारी रात्री मोबाइलवर चालते. वाद मात्र फिरून त्याच शब्दांवर येतो, आणि त्यात सगळ्यांत हट्टी शब्द आहे ‘खंडणी’.

मार्कच्या शुभवर्तमानातले 10:45 हे वचन. येशू पुष्कळांसाठी आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला, असे प्रचलित मराठी बायबल सांगते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ युद्धकैद्याच्या किंवा गुलामाच्या सुटकेसाठी मोजलेली रक्कम. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकाला खंडणी खटकली नसावी. फौज दाराशी आली की गावाने पैसे मोजून स्वतःला वाचवायचे, ही आठवण तेव्हा ताजी होती. आज तोच शब्द पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकामुळे आणि व्यापाऱ्याला आलेल्या धमकीच्या फोनमुळे माहीत असतो. ‘त्याने आपल्यासाठी खंडणी भरली’ असे व्यासपीठावरून ऐकले की मागच्या बाकावरचा मुलगा साहजिकच विचारतो, कोणाला?

प्रश्न पोरकट वाटला तरी जुना आहे. ही किंमत सैतानाला दिली की देवाला, यावर चर्चच्या पहिल्या हजार वर्षांतही खल झाला. इंग्रजीतला ‘रॅन्सम’ हा प्रश्न उघडा ठेवतो. मराठी शब्द मात्र त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण आजच्या मराठीत खंडणी घेणारा गुंडच असतो. ती किंमत देवाला दिली असे मानणाऱ्याच्या तोंडी हा शब्द आला, की देवालाच त्या गुंडाच्या जागी बसवल्यासारखे होते.

पापातून सुटका या अर्थाच्या ‘तारण’ची अडचण वेगळी. पतपेढीच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज’ आणि बाजार समितीत ‘शेतमाल तारण योजना’ वाचणाऱ्याला ‘तारणाची खात्री’ म्हटले की कागदपत्रे आठवतात. गंमत अशी की नाम अडखळते, क्रियापद अडखळत नाही. ‘त्याने आपल्याला तारले’ म्हणा, कोणाच्याही मनात बँक येत नाही. इंग्रजी उपदेशात धर्माची मोठमोठी नामे रांगेने येतात. ती नामे म्हणूनच उतरवली की वाक्य ताठरते, आणि त्यांची क्रियापदे केली की बरेचसे सुटते.

खंडणीच्या बाबतीतही हेच करता येते. ‘त्याच्या खंडणीद्वारे आपली मुक्तता झाली’ ऐवजी ‘त्याने जीव देऊन आपल्याला सोडवले’. ‘सोडवणे’ हा शब्द उसना नाही. रूथच्या पुस्तकात बवाज नामीच्या कुटुंबाची जमीन सोडवतो, आणि निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला गहाण जमीन सोडवणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. किंमत मोजली गेली हेही त्यात येते, आणि घेणाऱ्याचा चेहरा आपोआप मागे पडतो.

इथे एक उदाहरण हमखास चुकते. शरणपूर ही 1850 च्या दशकात इंग्लंडच्या एका मिशनने नाशिकजवळ वसवलेली वस्ती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सुटलेली मुले पुढे तिथे आणून शिकवली गेली. त्यांतली बरीच जण 1870 च्या दशकात पूर्व आफ्रिकेत परतली. उपदेशकाला हे उदाहरण आयते मिळते. पण त्या मुलांसाठी कोणी मोल मोजले नव्हते, ब्रिटिश आरमाराने जहाजेच पकडली होती. सुटकेसाठी हा दाखला चोख आहे, किमतीसाठी नाही.

ज्येष्ठांचा आक्षेप असा की पुस्तकात एक शब्द आणि व्यासपीठावर दुसरा, असे नको. वचनावर बोट ठेवून ऐकणारी आजी गोंधळते. आक्षेप खरा आहे, पण त्यासाठी अख्खा उपदेश खंडणीत बुडवण्याचे कारण नाही. वचन छापल्याप्रमाणे वाचायचे, लगेच एका वाक्यात जुना अर्थ सांगायचा आणि पुढे शेवटपर्यंत ‘सोडवले’च म्हणायचे, हा मार्ग आता काही ठिकाणी रुळला आहे.

यापेक्षा लहान दिसणारी चूक म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. ‘आम्ही पापी आहोत’ असे मंडळीसमोर म्हटले की ऐकणारे त्यातून सुटतात. तिथे ‘आपण’ हवे. प्रार्थनेत मात्र उलट. ‘आपल्याला क्षमा कर’ म्हटले तर देवालाही क्षमेच्या रांगेत उभे केल्यासारखे होते. उतरवून काढणारे यात अजूनही घसरतात, विशेषतः उपदेशाचे शेवटचे वाक्य प्रार्थनेत वळते तिथे.

दरम्यान ज्येष्ठांचा ‘छापलेला शब्द’ही आता एकच राहिलेला नाही. तरुण मंडळी मोबाइलवर मराठी बायबलचे वेगवेगळे अनुवाद उघडून बसतात, आणि एकाच बाकावरच्या दोघांच्या हातात एकाच वचनाचे शब्द निराळे असतात.