पडद्यावरील सामूहिक प्रतिसाद

वर्गातल्या किंवा बैठकीतल्या प्रत्येकाकडून एकाच प्रश्नाचे उत्तर घेऊन ती सगळी उत्तरे प्रोजेक्टरच्या पडद्यावर किंवा सामायिक स्क्रीनवर सर्वांना एकदम दाखवण्याची पद्धत. बहुपर्यायी प्रश्नाची उत्तरे मोजून स्तंभालेखात दाखवतात. मोकळी उत्तरे एकाखाली एक किंवा शब्दांच्या पुंजक्याच्या रूपात येतात. वहीतले उत्तर फक्त शिक्षक वाचतो, पडद्यावरचे मात्र उत्तर देणारेही वाचतात आणि वाचल्यावर आपले मत बदलू शकतात. त्यामुळे उत्तरे कोणत्या क्षणी दाखवायची, हा या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी 1991 पासून आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात सहाध्यायी अध्यापनाची पद्धत रुजवली. थोडे शिकवून झाले की ते संकल्पनेवरचा एक प्रश्न विचारत. मुलांनी एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालून त्याला आपले म्हणणे पटवायचे आणि पुन्हा मत द्यायचे. सुरुवातीला अक्षरांची कार्डे वर धरली जात. पुढे क्लिकर नावाची हातातली यंत्रे आली आणि आता मोबाइल. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरे बरोबर असतील तर चर्चेला वाव असतो. त्याहून कमी असतील तर चर्चेसाठी पुरेसे धागे वर्गात नसतात आणि विषय पुन्हा समजावावा लागतो. त्याहून जास्त असतील तर थोडक्यात स्पष्टीकरण देऊन पुढे जाता येते.

ही टक्केवारी पाहण्याची गरज शिक्षकाला असते. ती मुलांनाही त्याच वेळी दिसली तर काय होते, हे एका कल्पित वर्गाच्या आधारे पाहू. प्रश्न असा: चेंडू सरळ वर फेकला, सर्वोच्च बिंदूवर, जिथे तो क्षणभर थांबतो, तिथे त्याचे त्वरण किती? अ) शून्य, ब) 9.8 मी/से², खालच्या दिशेने, क) 9.8 मी/से², वरच्या दिशेने, ड) सांगता येणार नाही. वेग शून्य झाला म्हणजे त्वरणही शून्य, ही चूक फार सर्रास होते. समजा, 60 मुलांपैकी 33 जणांनी अ निवडला, 20 जणांनी ब, 5 जणांनी क आणि 2 जणांनी ड. ब बरोबर आहे, म्हणजे 33 टक्के उत्तरे बरोबर. चर्चेसाठी योग्य स्थिती.

आता हा आलेख लगेच पडद्यावर आला तर अ चा स्तंभ सर्वांत उंच दिसेल. ब निवडणारी मुलगी मनातल्या मनात माघार घेईल, कारण निम्म्याहून अधिक वर्ग चुकेल असे तिला वाटणार नाही. अ निवडणाऱ्याला कारण शोधायची गरजच उरणार नाही. दुसऱ्या फेरीत अ वाढला तर तो गैरसमज पक्का झाल्याचा पुरावा असतो. पण ब वाढला तरी तो समजून वाढला की कुजबुज ऐकून, हे कळणार नाही. आलेख झाकून ठेवला तर 20 जणांना 33 जणांसमोर कारण मांडावेच लागते: गुरुत्वाकर्षण तिथेही चालू आहे, त्या क्षणी त्वरण शून्य असते तर थांबलेला चेंडू तिथेच तरंगत राहिला असता. हा युक्तिवाद वर्गात उमटला पाहिजे, आणि आलेख आधी दाखवला तर तो अनेकदा उमटतच नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. जीवशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चर्चेआधी स्तंभालेख पाहिलेले विद्यार्थी सर्वाधिक निवडलेल्या उत्तराकडे वळण्याची शक्यता आलेख न पाहिलेल्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी अधिक आढळली. चूक-की-बरोबर प्रकारच्या प्रश्नांत हा ओढा अधिक होता. याची मुळे जुनी आहेत: मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, रेषांची लांबी ताडून पाहण्याच्या प्रयोगात, बाकीचे सगळे एकमुखाने चुकीचे बोलत असताना अनेकांनी डोळ्यांना दिसणारे बरोबर उत्तर सोडून दिले, उत्तर खासगीत लिहायची मुभा मिळाली तेव्हा हा परिणाम बराच ओसरला.

चर्चेतून जे साधते ते निव्वळ नक्कल नसते, हेही तपासले गेले आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले की, चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा वेगळा प्रश्न एकट्याने सोडवतानाही विद्यार्थी सुधारलेले असतात, आणि गटात आधी कोणालाच बरोबर उत्तर माहीत नसले तरी ही सुधारणा दिसते. म्हणून सर्वांत निर्धोक क्रम असा: पहिली फेरी झाकून, मग चर्चा, मग दुसरी फेरी, आणि त्यानंतर दोन्ही आलेख शेजारी शेजारी. झूमच्या मतदानातही यजमानाने मतदान बंद करून निकाल सामायिक केल्याशिवाय सहभागींना आकडे दिसत नाहीत. ही सोय मुद्दाम वापरावी. फक्त त्या वेळी शिक्षकाने स्वतःची संपूर्ण स्क्रीन सामायिक केलेली नसावी, नाहीतर त्याची निकालाची खिडकीही सर्वांना दिसू शकते.

प्रत्येकाकडे मोबाइल नसलेल्या शाळांसाठी प्लिकर्स या अ‍ॅपची कागदी कार्डे सोयीची आहेत. कार्डावरची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक मुलासाठी वेगळी असते आणि A, B, C, D ही अक्षरे चार कडांना बारीक छापलेली असतात. हवे ते अक्षर वर येईल असे कार्ड धरायचे आणि शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवता येत नाही. कार्ड वाचले गेले नाही तर बहुधा बोटे नक्षीवर आलेली असतात किंवा चकचकीत लॅमिनेशनवर उजेड परावर्तित होत असतो.

मोकळ्या उत्तरांचा प्रश्न वेगळा. शब्दपुंजक्यात जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा दिसतो, आणि मराठीत ही मोजणी फसते. एका मुलाने ‘पाणी’ लिहिले, दुसऱ्याने ‘पाण्याची’, तिसऱ्याने ‘पाण्यामुळे’, तर यंत्र त्यांना तीन निराळे शब्द धरते आणि वर्गाचे एकमत पडद्यावर विखुरलेले दिसते. एकाच शब्दात, प्रत्यय न लावता उत्तर द्या, असे प्रश्नातच सांगितले की हा दोष बराचसा जातो. उत्तरे एकाखाली एक दाखवायची असतील तर नावे झाकून ठेवणे आणि पडद्यावर येण्याआधी शिक्षकाने त्यांवरून नजर फिरवणे आवश्यक आहे. चाळीस जणांपुढे नावासकट झळकलेली चूक त्या मुलाला पुढच्या प्रश्नाला गप्प करते.

शेवटच्या बाकावरून वाचता येणे ही या सगळ्याची पूर्वअट. अक्षर डोळ्याशी किमान 15 कोनीय मिनिटांचा कोन करील एवढे उंच हवे, म्हणजे अंतराच्या सुमारे 1/230. शेवटचा बाक 9 मीटरवर असेल तर अक्षराची उंची जवळपास 4 सेंटीमीटर येते. ही उंची मूळ अक्षराची. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांना वेगळी जागा लागते, म्हणून एका ओळीला साधारण 8 सेंटीमीटर धरावेत. 1.2 मीटर उंचीच्या पडद्यावर अशा 15 ओळी मावतात, आणि कडेची मोकळी जागा सोडली तर 12. तिसाहून अधिक उत्तरे एकाच पानावर कोंबली तर ती फक्त पुढच्या बाकांपुरती उरतात. तेव्हा पाने पाडावीत किंवा सारख्या उत्तरांचे गट करून प्रत्येक गटातले एकच उत्तर दाखवावे.