कच्चा चेहरा वाचणे

रिटचिंगला हात घालण्यापूर्वी न सुधारलेला चेहरा ठरावीक क्रमाने बघायचा, त्यात काय काय आहे ते टिपायचे आणि नंतरचे काम त्या टिपणाशी ताडत राहायचे, या सरावाला कच्चा चेहरा वाचणे म्हणता येईल. चेहऱ्यावर जास्त काम झाले आहे हे लवकर ओळखू यावे, हा त्याचा हेतू. पुण्यातल्या लग्नसराईत एकेका समारंभाचे शेकडो फोटो हातावेगळे करावे लागतात, तिथे त्याची गरज सर्वांत आधी जाणवते. या नोंदीतले उदाहरणही लग्नाचेच घेतले आहे.

अति रिटचिंग बहुधा अज्ञानामुळे होत नाही, सवयीमुळे होते. डोळा समोरच्या चित्राला फार पटकन सरावतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ताणून किंवा दाबून बिघडवलेला चेहरा काही वेळ बघायला लावला. त्यानंतर साधा चेहरा दाखवला, तर तोच त्यांना उलट्या दिशेने बिघडलेला दिसू लागला. पडद्यासमोर बसलेल्याचे हेच होते. अर्धा तास गुळगुळीत गालावर काम केले की तो गाल ‘नेहमीचा’ वाटू लागतो आणि शेजारची अस्पर्श हनुवटी खरखरीत दिसते. मग हनुवटीवर हात फिरतो, तिच्यापुढे कपाळ खटकते, आणि असे करत चेहरा मेणाचा होतो. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे बघितली तर योग्यच वाटलेली असते. म्हणून तुलनेचे माप काम सुरू होण्याआधीच डोळ्यांत बसलेले हवे, नंतर ते मिळत नाही.

सरावाची सुरुवात पडद्यापासून दूर करावी. घरातल्या खिडकीपाशी, ऊन थेट येत नसेल अशा वेळी, कोणाला तरी खिडकीकडे एक बाजू करून बसवावे आणि दोन हातांच्या अंतरावरून दहा मिनिटे नुसते बघावे. प्रकाश बाजूने आला की त्वचेचा पोत उठून दिसतो, समोरून आला की झाकला जातो. सकाळी सारसबागेत बाकांवर बसलेल्या ज्येष्ठ मंडळींच्या चेहऱ्यांवर तिरपे ऊन पडते, बसच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशावरही पडते. अशा ठिकाणी अनोळखी माणसांचे फोटो काढायचे नाहीत, टक लावूनही बघायचे नाही. जाताजाता एकच गोष्ट टिपायची, उदाहरणार्थ नाकाच्या शेंड्यावरची चमक.

ती चमक नीट बघितली की निम्मा अभ्यास होतो. तेलकट त्वचेवरची तकाकी सलग नसते. बारीक उजळ ठिपके असतात आणि त्यांच्या मध्ये रंध्रांचे गडद बिंदू. रिटचिंगमध्ये पोत पुसला गेला की हे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि त्या जागी दुधाळ, सलग पट्टा दिसतो. प्लास्टिकच्या बाहुलीच्या गालावर असतो तसा.

दुसरे असे, की चेहऱ्याच्या प्रत्येक भागाचा पोत निराळा असतो. नाकावर रंध्रे ठळक, गालावर जरा लांबट, डोळ्यांखाली रंध्रे जवळपास दिसत नाहीत पण बारीक रेषांची जाळी असते, कपाळावर आडव्या रेषा, ओठांवर उभ्या, आणि कानशिलापासून जबड्यापर्यंत लव. डोळ्यांखाली गालाची त्वचा चिकटवलेली असली की हे जाणणाऱ्याला ते चटकन खुपते.

रंगाचेही तसेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांवर कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि जिवणीचे कोपरे गालांपेक्षा गडद असतात. हा डाग नव्हे, चेहऱ्याची घडणच आहे. गोऱ्या त्वचेवर बेतलेले धडे बघून शिकलेला माणूस हा फरक मिटवून सगळीकडे एकच रंग फासतो, आणि नाक, गाल, हनुवटी यांचे उंचसखलपण निघून जाते. ‘फोटोत जरा उजळ करा’ ही मागणी तर नेहमीची. ती पुरी करताना चेहरा उजळतो, पण मेंदी लावलेले हात तसेच राहतात.

आता एक फोटो घेऊ. कार्यालयात सकाळी गौरीहरापाशी बसलेली वधू. अंगावर पिवळी अष्टपुत्री, नाकात नथ, कपाळावर मुंडावळ्या. डावीकडच्या दारातून दिवसाचा प्रकाश येतो आहे, वर पिवळसर दिवे आहेत. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, फाइल रॉ, चेहऱ्याची रुंदी सुमारे 1500 पिक्सेल. फाइल उघडली की काहीही न करता आधी तीन मिनिटे पूर्ण चित्र बघायचे, मग 100 टक्के आकारात वरून खाली यायचे आणि कागदावर दोन रकाने करायचे. एकात पंधरा दिवसांनी नसेल ते, दुसऱ्यात कायम असेल ते.

पहिल्या रकान्यात येतात हनुवटीवरचे दोन ताजे मुरूम, चष्म्याने नाकावर पडलेले दोन वळ, केसांच्या कडेला आणि भुवयांच्या मुळाशी राहिलेली हळद, अपुऱ्या झोपेने डोळ्यांखाली आलेली सूज. दुसऱ्यात उजव्या नाकपुडीजवळचा तीळ, डाव्या भुवईवरचा कांजण्यांचा खड्डा, जिवणीभोवतीचा गडदपणा, डोळ्यांखालची घडी. दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टी खाली वेगळ्या लिहायच्या: हनुवटीखालचा पिवळा रंग, वरच्या ओठावरची नथीची सावली, गालांवरच्या मुंडावळ्यांच्या सावल्या.

सगळ्यात जास्त चुका या शेवटच्या ओळीत होतात. हनुवटीखालचा पिवळेपणा हळदीचा नाही, अष्टपुत्रीवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश आहे. तो पूर्ण काढला तर साडी पिवळीधमक आणि तिच्या लगेच वरची त्वचा करडी, असे विजोड दिसते. संपूर्ण चित्राचा पिवळेपणा व्हाइट बॅलन्सने ओढून काढला तर दारातल्या प्रकाशाची बाजू निळसर होते. हळद आहे तेवढ्याच जागी रंगाची तीव्रता निम्म्याने कमी करणे पुरते. पूर्ण घालवायची गरजही नसते, हळदीच्या दिवसानंतरची वधू आहे ती. सावल्यांबाबत तर घरातल्या बायकाही चूक पकडतात: मोत्यांची सर आहे आणि गालावर तिची सावलीच नाही.

कामाला लागल्यावर मुरूम आणि चष्म्याचे वळ वेगळ्या रिकाम्या लेअरवर हीलिंग ब्रशने काढावेत. ब्रश मुरमापेक्षा किंचितच मोठा असावा आणि नमुना त्याच भागातल्या, शेजारच्या त्वचेचा घ्यावा. डोळ्यांखालची सूज म्हणजे सावली आणि जांभळट रंग यांची बेरीज. तिथली उजळणी 30 ते 40 टक्क्यांवर थांबवावी आणि घडीची रेषा शाबूत ठेवावी, कारण ती रेषा गेली की हसणारे डोळे गोठल्यासारखे दिसतात. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग गोलावर असतो, वरून त्याच्यावर पापणीची सावली पडते. तो सपाट पांढरा केला तर डोळा कापून चिकटवल्यासारखा होतो. या फोटोत पांढऱ्याचे माप सुदैवाने हाताशीच आहे. दात आणि डोळे नथीच्या मोत्यांपेक्षा उजळ झाले की थांबायचे.

पोत आणि रंग वेगळे करून काम करायचे असेल, म्हणजे फ्रिक्वेन्सी सेपरेशन, तर ब्लरचा आकडा कुठल्याशा धड्यातून उचलू नये. रंगाच्या लेअरवर तो शून्यापासून वाढवत न्यावा आणि गालावरची रंध्रे दिसेनाशी झाली की तिथेच सोडावा. या आकाराच्या चेहऱ्यावर तो साधारण 5 ते 8 पिक्सेलच्या आसपास येतो. कमी ठेवला तर रंध्रे रंगाच्या लेअरमध्ये राहतात आणि रंग सारखा करताना पुसली जातात. फार वाढवला तर सावल्या पोताच्या लेअरमध्ये शिरतात आणि कितीही घासले तरी डाग हलत नाहीत.

काम झाल्यावर वीस मिनिटे उठून जावे. परत आल्यावर आधी कच्चे चित्र मिनिटभर बघावे, सुधारलेले नंतर. मग सगळ्या लेअर एका ग्रुपमध्ये घेऊन ग्रुपची ओपॅसिटी शून्यावर न्यावी आणि हळूहळू चढवत जिथे ‘पुरे’ वाटेल तिथे थांबावे. शंभरावरून खाली येत गेले तर डोळा गुळगुळीत चेहऱ्याला सरावलेला असल्याने समजा 80 वर थांबतो. तोच हात खालून वर जाताना 55 वर थांबू शकतो. दोन आकड्यांत मोठे अंतर पडले तर खालचा घ्यावा. चित्र आडवे उलटवून बघितले तरी सवय थोडी मोडते, मात्र त्याचा उपयोग पोतापेक्षा आकारातले फेरफार पकडायला जास्त. आणि 200 टक्क्यांवर जाऊन एकेक रंध्र साफ करण्यात वेळ घालवू नये: 1500 पिक्सेलचा चेहरा 300 डीपीआयला छापला तर अल्बममध्ये 5 इंच येतो, तिथे रंध्रे सुटी दिसत नाहीत, त्वचा आहे एवढेच जाणवते.

कच्चे म्हणून घेतलेले चित्र खरोखर कच्चे आहे ना, हे आधी तपासावे लागते. मोबाइलचा ब्यूटी मोड बंद असला तरी फोनची नॉइज कमी करणारी प्रक्रिया त्वचा थोडी सारवतेच, त्यामुळे अभ्यासाला रॉ फाइल बरी. फोन तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, त्यावरून चेहऱ्याचा आकार शिकू नये. दीड ते दोन मीटरवरून काढलेला फोटो घ्यावा. लग्नातला मेकअप हाही एक प्रकारे आधीच झालेले रिटचिंग असतो. रॉ फाइल त्या थराशी प्रामाणिक असते, खालच्या त्वचेशी नाही. अशा वेळी मान, कान आणि हातांकडे बघून मूळ पोताचा अंदाज घ्यावा.

दुसऱ्याचे तयार चित्र हाती आले आणि कच्चे मिळण्याची सोय नसली, तर दोन खुणा उपयोगी पडतात. पापण्यांचे केस धारदार आणि गाल मऊ असेल तर हात फिरला असण्याचा संशय घ्यावा, मग गाल फोकसबाहेर होता की मेकअपचा थर जाड होता हे तपासावे. दोन्ही सारखेच मऊ असतील तर बहुधा फोकस चुकला आहे किंवा मान हलली आहे. रात्रीच्या वरातीतला, 3200 आयएसओचा फोटो असेल, तर मागच्या भिंतीवर दाणे दिसतात. तितक्याच उजेडातल्या चेहऱ्यावर ते नसतील तर तो भाग पुसलेला आहे. फोटो मोबाइलवरून दाबून पाठवलेला असला की भिंतीवरचे दाणेही जातात आणि ही दुसरी खूण कामाची राहत नाही. मग चेहऱ्याच्या शेजारच्या कानाकडे बघावे, कारण कान गुळगुळीत करायला बहुतेक जण विसरतात.