अल्पवीज डेटा लॉगर

अल्पवीज डेटा लॉगर : ठरावीक अंतराने आपोआप जागे होणारे, संवेदकाचे वाचन घेऊन त्याला तारीख-वेळ जोडणारे, ती ओळ मेमरी कार्डावरील फाइलीत लिहून पुन्हा झोपी जाणारे बॅटरीवरचे लहान उपकरण. वीज नाही, मोबाइलची रेंज भरवशाची नाही आणि माणूस रोज जाऊ शकत नाही, अशा ठिकाणी महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रयोगांसाठी ते वापरतात. सांगली जिल्ह्यात द्राक्षबागा, बेदाण्याची शेड, हळदीची साठवण अशी कितीतरी ठिकाणे त्याला साजेशी आहेत. या नोंदीत तासगाव भागातील द्राक्षबागेचे उदाहरण घेतले आहे, कारण ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतचा साधारण १३० दिवसांचा काळ उपकरणाची खरी परीक्षा घेतो.

बागेत मोजायचे असते ते वेलीच्या पानोऱ्यातील तापमान आणि आर्द्रता. डावणीच्या बुरशीला पानावर पाणी लागते. त्यामुळे रात्री किती तास हवा जवळपास संपृक्त होती आणि सकाळी दव नेमके कधी सुकले, हे कळणे महत्त्वाचे. तासाला एक वाचन घेतले तर दव सुकण्याची वेळ ढोबळच मिळते. दहा मिनिटांना एक घेतले तर दिवसाला १४४ ओळी होतात आणि १३० दिवसांत १८,७२० ओळी. एक ओळ चाळीसेक अक्षरांची असल्याने संपूर्ण हंगामाची फाइल एक एमबीच्याही आत राहते. मोठ्या क्षमतेच्या कार्डाची गरज नाही, जागेची अडचण या कामात कधी येतच नाही. अडचण असते ती विजेची आणि वेळेची.

फाइलीतील ओळी अशा दिसतात. वेळेनंतर अनुक्रमे तापमान, आर्द्रता आणि बॅटरीचा व्होल्टमधला दाब :

```
2023-12-05 06:10:00,14.2,93.1,4.21
2023-12-05 06:20:00,14.1,93.4,4.21
```

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले की ओळी आपोआप काळाच्या क्रमाने लागतात आणि पाच डिसेंबर की बारा मे हा घोळ उरत नाही.

झोपेचा हिशेब : उपकरणाचे नेहमीचे भाग पाच. एटीमेगा३२८पी सारखा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी चिप, डीएस३२३१ हे घड्याळ, एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रतेचा संवेदक, मायक्रो एसडी कार्ड आणि तीन अल्कलाइन पेन्सिल सेल. सेलांचा दाब नवेपणी साडेचार व्होल्टच्या थोडा वर असतो. रेग्युलेटर तो ३.३ व्होल्टवर आणतो, कारण कार्डाला तेवढाच चालतो. सेलावर दोन हजारांहून अधिक मिलिअँपिअर-तास मिळतील असे सांगितले जाते, पण तीन सेलांचा एकूण दाब साडेतीन व्होल्टजवळ आला की रेग्युलेटरला काम करायला जागा उरत नाही. तेव्हा हिशेबात १,५०० धरावेत.

अर्डुइनो उनो हा याच चिपचा साधा तयार बोर्ड जोडून ठेवला तर तो काही न करताही ४५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. १,५०० मिलिअँपिअर-तास त्याला दीड दिवसही पुरत नाहीत. म्हणून मायक्रोकंट्रोलरला गाढ झोपेत घालतात. झोपेत तो स्वतः काही मायक्रोअँपिअरच घेतो. उरतो तो त्याच्या भोवतीच्या भागांचा खर्च : रेग्युलेटर, घड्याळाचे मॉड्यूल आणि बोर्डावरचा सतत जळणारा लाल दिवा. तो दिवा एकटाच मिलिअँपिअरभर घेतो, म्हणून तो काढून टाकणे ही पहिली पायरी.

दिवे काढल्यावर झोपेतील एकूण प्रवाह ०.१ मिलिअँपिअर राहिला असे धरू. दहा मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत, झोपेचा खर्च ६० मिलिअँपिअर-सेकंद होतो. कार्ड जागे करून ओळ लिहायला एक सेकंद आणि सरासरी ५० मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर लिहिण्याचा खर्च ५०. संवेदकाचे वाचन आणि गणित यांना फार तर ५. म्हणजे लिहिणे आणि झोपणे जवळपास बरोबरीचे. एका फेरीचे ११५ मिलिअँपिअर-सेकंद, दिवसाच्या १४४ फेऱ्यांचे ४.६ मिलिअँपिअर-तास. १,५०० ला ४.६ ने भागले की ३२६ दिवस येतात. हंगाम दोनदा निघेल.

आता एकच गोष्ट बिघडवू. लिहून झाल्यावर कार्ड झोपले नाही आणि एक मिलिअँपिअर घेत राहिले. एवढासा प्रवाह, पण दिवसाला २४ मिलिअँपिअर-तास. एकूण खर्च २८.६ होतो आणि सेल ५२ दिवसांत संपतात. १५ ऑक्टोबरला बसवलेले उपकरण ६ डिसेंबरच्या सुमारास बंद पडते आणि काढणीला अजून अडीच महिने असतात. बहुतेक फसलेल्या लॉगरांची कथा हीच असते. लोक लिहिण्याच्या प्रवाहाची चिंता करतात, कारण तो मोठा दिसतो. बॅटरी संपवतो तो चोवीस तास वाहणारा बारीक प्रवाह.

कार्ड का झोपत नाही? कधी त्याची निवडरेषा, म्हणजे सीएस, झोपताना वर खेचलेली नसते. कधी इतर रेषा लोंबकळत असतात. कधी कार्डच तसे असते : एकाच क्षमतेची दोन कंपन्यांची कार्डे विश्रांतीत खूप वेगवेगळा प्रवाह घेतात आणि हे पाकिटावर लिहिलेले नसते. खात्रीचा मार्ग म्हणजे मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच लावून कार्डाचा पुरवठाच तोडणे. मात्र तसे करताना कार्डाकडे जाणाऱ्या रेषाही खाली आणाव्या लागतात, नाहीतर वीज डेटाच्या वाटेने कार्डात शिरत राहते आणि तोडलेले कार्ड अर्धवट जिवंत राहते.

हा प्रवाह बागेत नेण्याआधी घरी मोजावा. मल्टिमीटर सेलाच्या तारेत जोडून आधी मिलिअँपिअरच्या पट्ट्यावर पाहावे आणि उपकरण झोपल्यावरच मायक्रोअँपिअरवर यावे. मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यात मीटरचा स्वतःचा रोध बराच असतो. त्या स्थितीत कार्ड लिहायला उठले की दाब कोसळतो आणि उपकरण पुन्हा सुरू होते. मग दोष नसलेल्या जोडणीत दोष शोधत बसावे लागते.

लिहिण्याचा क्षण : सरासरी ५० धरली तरी लिहिताना काही मिलिसेकंदांपुरते कार्ड १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक मागते. नव्या सेलांना ते जड नाही. अर्धे वापरलेले सेल मात्र जानेवारीच्या पहाटे थंडीने आणखी मंदावतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि त्या झटक्याला दाब खाली जातो. फाइलीत याची खूण स्पष्ट दिसते : ओळी पहाटे तुटतात आणि ऊन वर आल्यावर पुन्हा सुरू होतात. अशी फाइल पाहून संवेदकावर संशय घेऊ नये. कार्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास झटका बराचसा सोसला जातो. बॅटरीचा दाबही विश्रांतीत न मोजता लिहिण्याच्या भारात मोजून पुढच्या ओळीत टाकावा. विश्रांतीतला आकडा शेवटपर्यंत गोड दिसतो.

दुसरा धोका फाइलीच्या रचनेतला. कार्डावर मजकूर ५१२ बाइटांच्या खंडांनी जातो, आणि फाइल किती लांब आहे हे वेगळ्या ठिकाणी, निर्देशिकेत नोंदले जाते. प्रोग्रामने फाइल उघडीच ठेवली आणि वीज गेली, तर मजकूर कार्डावर असूनही संगणकाला फाइल शून्य बाइटांची दिसते. म्हणून प्रत्येक लेखनानंतर `file.flush()` किंवा `file.close()` हवेच. विजेसाठी १८ वाचने स्मृतीत साठवून तीन तासांनी एकदाच लिहिता येतात. लिहिण्याचा खर्च त्यामुळे अठरावा हिस्सा होतो, पण मध्येच उपकरण पुन्हा सुरू झाले तर ते तीन तास गेले. वरच्या हिशेबात दिवसाचे ४.६ चे २.७ मिलिअँपिअर-तास होतात. ३२६ दिवस मिळत असताना १३० दिवसांच्या प्रयोगात ही बचत घेऊ नये. दर ओळ लगेच लिहिणेच बरे.

घड्याळ : डीएस३२३१ मध्ये स्फटिकाबरोबर तापमानाची दुरुस्ती असते. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये त्याची चूक दशलक्षात दोन भागांपर्यंत, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त मिनिटभर. १३० दिवसांत ती बावीस-तेवीस सेकंदांपलीकडे जात नाही. दहा मिनिटांच्या वाचनांना हे पुरून उरते. मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या वॉचडॉग नावाच्या कच्च्या वेळमापकावर वेळ मोजली तर ती कित्येक टक्क्यांनी चुकू शकते आणि महिन्याभरात दिवसाची गल्लत होते. घड्याळाला स्वतःचा नाणे-सेल असतो. त्यामुळे मुख्य सेल बदलताना वेळ हरवत नाही.

हरवते ती प्रोग्राममुळे. घड्याळ लावण्याची ओळ बहुतेक नमुना-प्रोग्रामांत सुरुवातीलाच असते आणि ती प्रोग्राम संगणकावर तयार झाला तेव्हाची वेळ घालते. बागेत सेल बदलले की उपकरण पुन्हा सुरू होते, ती ओळ पुन्हा चालते आणि डिसेंबरचे वाचन ऑक्टोबरच्या तारखेने लिहिले जाते. फाइलीत वेळ मागे उडी मारते, काही तारखा दोनदा येतात. घड्याळ घरी वेगळ्या प्रोग्रामने एकदाच लावावे आणि बागेतल्या प्रोग्रामात फक्त चौकशी ठेवावी :

```cpp
if (rtc.lostPower()) {
  file.println("CLOCK_LOST");
}
```

घड्याळ मध्ये थांबले होते का, हे डीएस३२३१ स्वतः एका बिटात लक्षात ठेवते आणि `lostPower()` तोच बिट वाचते. खोटी तारीख घालण्यापेक्षा अशी कबुली फाइलीत असणे कितीतरी चांगले.

जागे करण्याचे कामही हेच घड्याळ करते. गजराची वेळ झाली की त्याची आयएनटी रेषा खाली जाते आणि मायक्रोकंट्रोलर उठतो. पुढचा गजर ‘आत्तापासून दहा मिनिटांनी’ असा न लावता पुढच्या पूर्ण दहाव्या मिनिटाला लावावा, म्हणजे वाचने ६:१०, ६:२० अशीच येतात आणि दोन बागांतल्या फाइली शेजारी ठेवता येतात. गजराची खूण पुसायची राहिली तर रेषा खालीच राहते आणि पुढचा गजर कळत नाही. गजर तारीख, तास आणि मिनिट जुळवून लावला असेल आणि लावेपर्यंतच ती वेळ टळली असेल, तर उपकरण पुढच्या महिन्यातल्या त्याच तारखेपर्यंत झोपते. सेल भरलेले, घड्याळ बरोबर आणि फाइल मात्र थांबलेली असेल, तर कारण बहुधा इथे सापडते. गजर लावल्यावर वेळ पुन्हा एकदा वाचून, ती टळली असल्यास लगेच पुढचा लावणे हा त्यावरचा उपाय.

बागेतील मांडणी : संवेदक उघड्या उन्हात ठेवला तर तो हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या कवचाचे तापमान सांगतो. एकावर एक ठेवलेल्या पांढऱ्या बशांसारख्या आच्छादनात, घडांच्या उंचीवर, पण पानांना न टेकता तो टांगतात. पेटीतल्या तारा खालच्या बाजूने बाहेर काढाव्यात, म्हणजे पाणी तारेवरून आत ओघळत नाही. पेटीत सिलिका जेलची पुडी असावी. फवारणीचा थर संवेदकावर बसला की आर्द्रता उशिरा बदलते : सकाळी शेजारच्या पानांवरचे दव सुकूनही आकडा ९५ च्या वर रेंगाळतो. त्यासाठी गाळणी असलेला संवेदक घ्यावा आणि फवारणीपुरती त्यावर पिशवी बांधावी. तेवढ्या काळाच्या ओळी पुढे वगळता याव्यात म्हणून पिशवी बांधल्याची आणि सोडल्याची वेळ बागेतल्या फवारणीच्या वहीतच लिहून ठेवतात.