माफ केलं, तरी पैसे मागता येतात

“मनापासून माफ केलं असेल तर जुनं आठवत नाही आणि माणूस पहिल्यासारखा वागतो.”

असं म्हणतात खरं, पण यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. माझ्या मावशीचंच घ्या. धाकट्या दिराने तिच्या पाटल्या ‘महिनाभरासाठी’ नेऊन गहाण टाकल्या, त्या परत आल्याच नाहीत. सूड उगवायचा नाही, चारचौघांत त्याचं काढायचं नाही, हे तिने वर्षभरात ठरवलं. माफी ती एवढीच, आणि ती एकटीने देता येते. राग मात्र ठरवून जात नाही, हळूहळू ओसरतो. मध्येच उसळलाही, म्हणून माफी खोटी ठरत नाही. दिवाळीला दागिन्यांचा डबा उघडला की रिकामी जागा दिसतेच. स्मरणशक्ती शाबूत आहे, इतकाच त्याचा अर्थ.

विश्वासाचं तसं नाही, तो समोरच्याने वागून परत मिळवायचा असतो. दिराला ती आजही जेवायला वाढते, कपाटाची किल्ली देत नाही. पाटल्यांची किंमतही मागते.

स्वतःचं तपासायचं तर एवढं पाहा: ज्याला माफ केलं त्याचं काही बिघडल्याचं कानावर आलं, तर आत बरं वाटतं का? मावशीला आता वाटत नाही. पूर्वी वाटायचं, हे तीच हसत सांगते.