खडक कुठे लावायचा आणि कुठल्या बाजूने लावायचा

आमच्या धरमपेठेतल्या छोट्याशा ऑफिसात एक नवा मुलगा आलाय. चिखलदऱ्याला पावसाळ्यात जाऊन आला आणि तसलीच दरी कोडमधून उभी करायची त्याने मनावर घेतलं. पठार झालं, दरी झाली, कडाही बरा उतरला. मग मला बोलावून म्हणाला, "दादा, उतार पाहून खडक तर लावला ना, मग कड्यावर हे ओघळ काऊन दिसून राहिले?"

पडद्यावर खरंच ओघळ होते. पठारावर दगडाचं टेक्स्चर छान खरखरीत, आणि कड्यावर तेच टेक्स्चर पाघळलेल्या मेणासारखं वरून खाली ताणलेलं. मी विचारलं, "ट्रायप्लेनर केलंस का?" तो म्हणाला, "तेच तर केलं. तीव्र उतारावर खडक, सपाटीवर गवत."

ते ट्रायप्लेनर नव्हे. ते उतारानुसार टेक्स्चर निवडणं. ही गल्लत फार जण करतात आणि ती होण्याला कारणही आहे. दोन्ही पद्धती पृष्ठभागाचा नॉर्मल, म्हणजे तो कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते, घेतात, दोन्ही त्यातून 0 ते 1 मधलं वजन काढतात आणि दोन्हींत शेवटी रंगांची मिसळण होते. कोड वरवर पाहिला तर जुळी भावंडं वाटावीत. पण उतारानुसार निवड ‘इथे कोणतं टेक्स्चर?’ हे ठरवते आणि ट्रायप्लेनर ‘ते कुठल्या बाजूने चिकटवायचं?’ हे. त्याने पहिला प्रश्न सोडवला होता आणि दुसरा सुटला असं धरून चालला होता.

त्याच्या शेडरमधली मास्कची, म्हणजे कुठे किती खडक हे ठरवणारी, ओळ अशी होती (आमच्याकडे वरची दिशा y आहे, तुमच्याकडे z असेल तर अक्षरं बदलून वाचा):

```glsl
float m = 1.0 - smoothstep(0.6, 0.8, n.y);
```

`n.y` म्हणजे उताराच्या कोनाचा कोसाइन. 0.8 ला उतार सुमारे 37 अंश येतो, 0.6 ला सुमारे 53. म्हणजे 37 च्या आत निव्वळ गवत, 53 च्या पुढे निव्वळ खडक, मधे दोन्हींची मिसळण. ओळीत चूक काहीच नाही. पण खडकाचं टेक्स्चर वाचताना तो `p.xz` वापरत होता, म्हणजे जमिनीचा वरून दिसणारा नकाशा.

रांगोळीचा छाप पायऱ्यांवर धरून वरून रांगोळी टाकली तर काय होतं ते आठवा. पायरीच्या पाठीवर नक्षी नीट उमटते. पायरीच्या उभ्या अंगावर मात्र नक्षी उमटत नाही, घरंगळलेल्या चार रेघा दिसतात. `p.xz` हा तोच छाप आहे. छापात गवताऐवजी खडकाची नक्षी घातली म्हणून उभ्या अंगावरच्या रेघा जात नाहीत, त्या खडकाच्या रेघा होतात एवढंच.

ताण किती पडतो याचं गणित सोपं आहे: 1 भागिले उताराचा कोसाइन. 45 अंशांना 1.4 पट, 60 ला दुप्पट, 80 ला पावणेसहा पट. त्याच्या मेशमध्ये दोन शेजारच्या बिंदूंत आडवं अंतर 1 मीटर होतं आणि कड्यावर उंचीत फरक 6 मीटर. म्हणजे 6 मीटरहून थोड्या जास्त लांबीच्या दगडाला वाट्याला येतं 1 मीटरचं टेक्स्चर. त्याचं टेक्स्चर 1024 पिक्सेलचं, 4 मीटरवर पसरलेलं. सपाटीवर मीटरला 256 पिक्सेल मिळायचे, कड्यावर उभ्या दिशेने जेमतेम 42. आडव्या दिशेने मात्र पूर्ण 256. त्या असमानतेचेच ते ओघळ. इथे 4096 चं टेक्स्चर आणून उपयोग नाही. बारीक ओघळ मिळतील.

ट्रायप्लेनर म्हणजे एकाऐवजी तीन छाप: एक वरून, एक पूर्व-पश्चिम बाजूने, एक उत्तर-दक्षिण बाजूने. प्रत्येक ठिकाणी तिन्ही वाचायचे आणि पृष्ठभाग ज्या दिशेला तोंड करून आहे त्या छापाला जास्त वजन द्यायचं.

```glsl
vec3 w = pow(abs(n), vec3(4.0));
w /= w.x + w.y + w.z;
vec3 c = texture(rock, p.zy * 0.25).rgb * w.x
       + texture(rock, p.xz * 0.25).rgb * w.y
       + texture(rock, p.xy * 0.25).rgb * w.z;
```

`p` हे जगातलं स्थान, आणि 0.25 म्हणजे 4 मीटरला एक फरशी. यात ‘खडक की गवत’ हा प्रश्न कुठेच नाही. तिन्ही वेळा `rock` च वाचला जातोय. याने ताण शून्य होत नाही, पण सगळ्यात जवळच्या छापाचा ताण 1.73 पटीच्या वर कधीच जात नाही, आणि तोही तिन्ही दिशांना सारखाच तिरपा असलेला पृष्ठभाग असेल तेव्हा.

4 हा घात बऱ्याच जणांना शोभेचा वाटतो. त्याने सुरुवातीला तो काढूनच टाकला होता आणि म्हणे, ओघळ कमी झाले पण गेले नाहीत. जाणार कसे? त्याच्या कड्यावर बिंदूंच्या उंची होत्या 0, 0, 6, 6. शेजारच्या बिंदूंवरून नॉर्मल काढला की कड्याच्या वरच्या आणि खालच्या बिंदूला `n` साधारण (0.95, 0.32, 0) येतो, दिशा कुठली तेवढ्याने फक्त चिन्ह बदलेल. घात नसेल तर वरच्या छापाला 25 टक्के वजन मिळतं. म्हणजे स्वच्छ खडकावर चतकोर ओघळ अजून सांडलेलेच. घात 4 केला की तेच वजन 1 टक्क्याच्या आसपास येतं. फार वाढवला, 16 वगैरे, तर छाप जिथे बदलतात तिथे चाकूने कापल्यासारखी शिवण दिसते. मी 4 ते 8 च्या पुढे सहसा जात नाही.

आता हे दोन दोष डोळ्यांनी वेगळे ओळखायचे कसे? खडकाचं आणि गवताचं टेक्स्चर काढून दोन रंगांचे दोन बुद्धिबळपट लावा, 1 मीटरचे चौकोन. कड्यावर गवताच्या रंगाचे चौकोन आले तर मास्क चुकला. रंग बरोबर पण चौकोन लांबुडके झाले तर छाप चुकला. दगडाच्या फोटोत डोळा फसतो. खरा दगडही कुठे कुठे ओघळल्यासारखा दिसतोच.

आम्ही पट लावला. कड्यावर चौकोन चौकोनीच. पोरगा खूश. मग मी कॅमेरा पठाराच्या काठावर नेला आणि त्याचा चेहरा उतरला. अगदी सपाट जमिनीवर, कड्याच्या ओठालगत, सुमारे 40 सेंटिमीटरचा पट्टा पुन्हा ताणलेला. या वेळी रेघा काठापासून पठाराच्या आत जाणाऱ्या, केसांसारख्या. कड्याच्या पायथ्याशीही तसाच पट्टा.

हा खरा मजेशीर भाग आहे, कारण इथे ओघळ ट्रायप्लेनरनेच आणलेत. ओठावरच्या बिंदूचा नॉर्मल कडा आणि पठार यांची सरासरी असतो, 72 अंशांच्या आसपास कललेला. पुढचा बिंदू 1 मीटरवर, तिथला नॉर्मल सरळ वर. मधली जमीन सपाट आहे, पण नॉर्मल हळूहळू वळत जातो, म्हणून पहिल्या 40 सेंटिमीटरपर्यंत तो ‘मी कडा आहे’ असं खोटं सांगतो. शेडर बिचारा विश्वास ठेवतो आणि सपाट जमिनीवर बाजूचा छाप मारतो. सपाटीवर y बदलतच नाही, म्हणून `p.zy` मधली एक बाजू गोठते आणि रेघा उमटतात. भरीस भर म्हणजे मास्कही त्याच नॉर्मलवर चालतो, त्यामुळे त्या पट्ट्यात गवताऐवजी खडक येतो आणि दोष लपायच्या ऐवजी उठून दिसतो.

उपाय म्हणून वजनांपुरता आणि मास्कपुरता त्रिकोणाचा खरा नॉर्मल घ्यायचा:

```glsl
vec3 g = normalize(cross(dFdx(p), dFdy(p)));
```

वजनांत `n` च्या जागी `g`, आणि मास्कमध्ये `abs(g.y)`, कारण याचं चिन्ह उलटं येऊ शकतं. प्रकाशासाठी मात्र जुना `n` च ठेवा, नाहीतर सगळी जमीन पैलू पाडल्यासारखी दिसेल. याचीही किंमत आहे: वजनं आता त्रिकोणागणिक उडी मारतात. स्वच्छ तुटलेल्या कड्यावर ती उडी नेमकी ओठावर पडते, म्हणून खपून जाते. 45 अंशांच्या आगेमागे घुटमळणाऱ्या खडबडीत उतारावर त्रिकोण दिसू लागतात. तिथे कड्याजवळ मेश दाट करणं बरं; बिंदूंतलं अंतर अर्धं केलं की पट्टाही अर्धा होतो.

आणखी एक गोष्ट, आपल्या दगडासाठी खास. चिखलदऱ्याचा काय नि सह्याद्रीचा काय, कडा म्हणजे बेसॉल्टचे आडवे थर. `p.zy` आणि `p.xy` या दोन्हींत दुसऱ्या जागी y आहे, म्हणून टेक्स्चरमधले आडवे पट्टे कोपरा वळतानाही त्याच उंचीवर राहतात. सवयीने `p.yz` लिहिलंत तर चौकोनांचा पट काही सांगणार नाही, चौकोन फिरवला तरी चौकोनच. पण खडक लावला की एका बाजूचे थर आडवे आणि दुसऱ्या बाजूचे उभे. आमच्या पोराने हेही केलं होतं आणि त्याला ते ‘नैसर्गिक’ वाटलं होतं! सीताबर्डीच्या टेकडीखाली काळा दगडच आहे, पण गाव पडलं सपाट; कड्याकडे निरखून बघायची सवय आम्हा नागपूरकरांना कुठली असणार.

कड्याचं तोंड दोन दिशांच्या बरोबर मधे असेल तर मात्र दोन्ही छाप अर्धे अर्धे मिसळतात आणि दगड एकावर एक ठेवलेल्या दोन फोटोंसारखा धूसर होतो. घात वाढवून तो पट्टा अरुंद होतो, पण जात नाही. टेक्स्चरसोबत दगडाच्या उंचवट्याचा नकाशा असेल तर मिसळताना ज्या छापाचा दगड तिथे उंच त्याला झुकतं माप द्या. दगड दगडांत गुंतल्यासारखे दिसतात.

खर्चाचं म्हणाल तर रंग, नॉर्मल मॅप आणि खरखरीतपणा अशी तीन टेक्स्चरं एका थराला धरली तर 3 वाचनांची 9 होतात. गवत, माती, मुरूम, खडक असे चार थर असतील आणि सगळ्यांना ट्रायप्लेनर लावलं तर 12 ची 36. त्याने उत्साहात तेच केलं, आणि ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपचा पंखा कूलरसारखा घोंघावू लागला. गवत, माती आणि मुरूम 53 अंशांच्या पुढे मास्कच येऊ देत नाही, आणि 53 अंशांना ताण 1.67 पट असतो, जो त्यांत कुणाला दिसत नाही. तेव्हा ते तीन थर `p.xz` वर राहिले, ट्रायप्लेनर एकट्या खडकाला, आणि आकडा 18 वर आला.