तालुका हा स्तर की समूह?

‘बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी गेवराई आणि आष्टी हे दोन तालुके स्तरित नमुना पद्धतीने निवडले आहेत.’ संशोधन आराखड्यात असं वाक्य लिहिलं की मौखिक परीक्षेत अडकायला होतं. दोनच तालुके घेऊन नऊ सोडले, म्हणजे ती स्तरित निवड नव्हेच.

घोळ होतो कारण स्तरित आणि समूह या दोन्ही पद्धतींत आधी गट पाडतात. फरक पुढे आहे. स्तरित पद्धतीत प्रत्येक गटातून थोडी थोडी घरं घ्यायची. एकही स्तर सोडायचा नाही. समूह पद्धतीत चिठ्ठी गटांवरच टाकायची: काही गट येतात, बाकीचे सुटतात. म्हणून स्तर आतून एकसारखे आणि एकमेकांपासून वेगळे असावेत, तर प्रत्येक समूहात जमेल तितकी सरमिसळ असावी.

समजा, विषय ऊसतोड कुटुंबांच्या उचलीचा आहे. कालव्याचं पाणी मिळणारी गावं आणि कोरडवाहू गावं यांत स्थलांतराचं प्रमाण वेगळं असणार, म्हणून हे दोन स्तर. पण अशा कुटुंबांची जिल्हाभराची तयार यादी हाताशी नसते, गावांची यादी मात्र जनगणनेत मिळते. तेव्हा दोन्ही स्तरांतून चिठ्ठीने गावं काढायची, त्या गावांत घरोघर फिरून ऊसतोड घरांची यादी करायची आणि तीतून घरं निवडायची. एकाच आराखड्यात दोन्ही पद्धती येतात. समर्थनात दोन्हींचं कारण वेगवेगळं लिहावं.

समूहाची किंमतही सांगावी लागते. एका गावातल्या बऱ्याच घरांना एकाच मुकादमाकडून उचल मिळते, त्यामुळे उचलीचे आकडे एकमेकांसारखे येतात. किती फटका बसतो ते या सूत्रातून कळतं:

```
1 + (m − 1) × ρ
```

m म्हणजे दर गावातली घरं, ρ म्हणजे त्या घरांतलं साम्य. ρ 0.05 धरलं, तर 20 गावांत 20-20 घरं घेतल्यावर उत्तर 1.95 येतं; 400 ला त्याने भागलं की 400 घरांची माहिती साधारण 205 स्वतंत्र घरांइतकीच ठरते. तीच 400 घरं 40 गावांत दहा-दहा वाटली, तर 1.45 येतं आणि माहिती 276 घरांइतकी होते. प्रवास वाढतो, पण माझ्या मते गावं वाढवणंच योग्य.

आणि सोयीचा नमुना? तो नकळत शिरतो. ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. जानेवारीत गेलात तर दारांना कुलूप दिसतं आणि मग शेजारचं उघडं घर घेतलं जातं. घरी राहिलेल्यांचीच माहिती जमते, कागदावर मात्र यादृच्छिक निवड लिहिलेली राहते. म्हणून आराखड्यात स्पष्ट लिहा: सर्वेक्षण टोळ्या परतल्यावर, मे-जूनमध्ये; बंद घराच्या बदल्यात दुसरं घर नाही; तीन फेऱ्यांनंतरही न भेटलेल्या घरांची नोंद वेगळी.